नुसताच हात आला 👋, आता काय लिहायचं?

शुक्रवारी रात्री पावणेदहाला मोबाईल वाजला. बघितलं तर माझी एक जुनी कलीग, चार वर्षांपूर्वी ऐरोलीच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसायचो आम्ही, आणि तिचा मेसेज काय तर नुसता 👋. ना हाय, ना कशी आहेस, ना नाव. एक पिवळा हात. मी घणसोलीत किचनच्या ओट्यापाशी उभी, एका हातात पोळीचं पीठ, आणि डोक्यात चक्र सुरू झालं की हिला काय काम असेल, नोकरी गेली असेल का, पैसे हवे असतील का, का चुकून पाठवलंय, का तिच्या पोराने मोबाईल हातात घेऊन काहीतरी दाबलंय.

शनिवारी सकाळी मीही 👋 पाठवला. तिने 😊 पाठवलं. आणि संपलं. रविवार दुपारपर्यंत दोघी गप्प.

म्हणजे जे करायचं नसतं तेच मी केलं. आता गंमत अशी की घरच्या आणि सोसायटीच्या लोकांत मी असल्या बाबतीत सल्ला देणारी बाई आहे, "हा मेसेज बघ ना, याचा अर्थ काय" म्हणून लोक मोबाईल पुढे करतात. तेव्हा हे एकदा नीट लिहून काढते, माझ्या या फसलेल्या केससकट, कारण शेवटी त्या हाताचा अर्थ मी लावला होता त्यापेक्षा भलताच निघाला.

आधी हे बघा की तो खरंच मेसेज आहे का

हसू नका, निम्मी गडबड इथेच होते. व्हॉट्सअ‍ॅपवर हात तीन प्रकारे येऊ शकतो. एक म्हणजे सुटा मेसेज. दुसरा म्हणजे तुमच्याच एखाद्या मेसेजवर दिलेली रिअ‍ॅक्शन, ती तुमच्या मेसेजच्या खाली कोपऱ्याला छोटीशी चिकटलेली असते, पण नोटिफिकेशनमध्ये घाईत बघितलं की मेसेजच आल्यासारखा वाटतो. तिसरा म्हणजे तुमच्या स्टेटसला दिलेला रिप्लाय, तो नेहमीच्या चॅटमध्येच येतो पण त्याच्या डोक्यावर तुमच्या स्टेटसचा छोटा चौकोन असतो.

तिन्हीचं उत्तर वेगळं. रिअ‍ॅक्शनला उत्तर लागतच नाही, ती म्हणजे मान डोलावणं. स्टेटसवरचा हात असेल तर विषय त्या स्टेटसमध्ये आहे, तुम्ही लोणावळ्याचा फोटो टाकला असेल तर तो हात "अरे वा, मजा करा" आहे, किंवा "मला न सांगता गेलात होय". तिथे "काय गं, कशी आठवण आली" लिहिलंत तर समोरच्याला कळत नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. सुटा हात आला तरच पुढचं सगळं वाचा.

आणि एक, तो हात मोठा दिसतो म्हणून दचकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर नसला आणि एकटाच इमोजी असला की अ‍ॅप स्वतःच तो मोठा करून दाखवतं. पाठवणाऱ्याने काही जोरात हात हलवलेला नसतो. तसंच रंगाचं. हाताला पाच त्वचेच्या छटा निवडता येतात, आणि एकदा एखादी निवडली की कीबोर्ड बहुतेक वेळा तीच लक्षात ठेवतो. "आधी पिवळा पाठवायचा, आता सावळा का पाठवला" यावर माझ्या एका भाचीने अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्यात काही नाही. नवा फोन घेतला होता त्याने.

हा हात हॅलो पण आहे आणि टाटा पण

हा इमोजी २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आला, आणि त्याचं अधिकृत नाव नुसतं "हलणारा हात" एवढंच आहे. ये म्हणून हलतोय का जातो म्हणून, ते नावात नाही. कीबोर्डलाही ते ठरवता येत नाही, इंग्रजीत हाय टाईप केलं तरी सजेशनमध्ये हाच येतो आणि बाय टाईप केलं तरी हाच.

त्यात आपल्याकडे अजून एक गुंता आहे. आपण भेटल्यावर हात हलवत नाही, नमस्कार करतो, नाहीतर "काय मग" म्हणतो. हात हलवायचा तो निघताना. लहान बाळाला आपण पहिली जी खूण शिकवतो ती "टाटा कर, टाटा कर". त्यामुळे साठीच्या पुढच्या माणसांना हा हात बघून आधी टाटाच आठवतो. माझी पनवेलची मावशी फोनवर बोलून झालं की पाच मिनिटांनी 👋 पाठवते, म्हणजे बोलणं रीतसर संपवते. पहिल्यांदा मला वाटलं हिला अजून काहीतरी सांगायचंय, मी लगेच फोन लावला, तर म्हणे "अगं मी टाटा केलं तुला, आता फोन का केलास, सिरीयल लागलीये."

शिवाय आडवा हात हलवणं म्हणजे "नको" पण असतं, भाजीवाल्याला लांबूनच करतो ना तसं. आणि काही ज्येष्ठ मंडळी हाच हात आशीर्वाद म्हणून पाठवतात, वाढदिवसाच्या दिवशी काकांकडून नुसता 👋 आला तर तो बहुतेक तोच. त्याला उत्तर म्हणजे "नमस्कार काका 🙏", दुसरं काही शोधत बसू नका.

चुकीचं बोट हेही धरा. कीबोर्डवर हातांच्या रांगेत हलणारा हात अगदी सुरुवातीला असतो आणि ✋ त्याच्या जवळच. सोसायटीच्या ग्रुपवर "रविवारच्या मीटिंगला कोण कोण येणार" विचारल्यावर कोणी 👋 टाकला तर तो निरोप घेत नाहीये, हात वर करतोय. आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये तर 👋 म्हणजे "मी चढले, मधल्या डब्यात आहे, जागा धरलीये" एवढं सगळं एका हातात असतं. तिथे कोणी "हाय" म्हणून उत्तर दिलं तर समजायचं की नवीन मेंबर आहे.

मग नेमका कोणता हात हे ओळखायचं कसं? हाताकडे बघून कळत नाही. त्याच्या वर बघावं लागतं.

वर स्क्रोल करा, हे सगळ्यात महत्त्वाचं

मी शनिवारी हेच केलं नाही. खरं म्हणजे उत्तर लिहायच्या आधी चॅट वर सरकवून शेवटचे दहाएक मेसेज वाचायचे आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या.

शेवटचा मेसेज कोणाचा होता? तो किती जुना आहे? आणि त्यात एखादा प्रश्न किंवा आमंत्रण लटकत राहिलंय का, ज्याला उत्तरच गेलं नाही?

शेवटचा मेसेज आज सकाळचाच असेल आणि बोलणं चांगलं चाललं असेल तर हात म्हणजे निरोप, किंवा "आहेस का?" एवढंच. मध्ये दोन-तीन आठवडे गेले असतील तर "विसरलीस का मला". मध्ये वर्षं गेली असतील तर तो दार वाजवणं आहे, आणि दार वाजवणारा माणूस मुद्दाम हळू वाजवतोय, कारण त्याला माहीत नाही आत कोण कुठल्या मूडमध्ये आहे. शब्द लिहिले असते तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. नुसता हात केला की समोरच्याने नाही बघितलं तरी कोणाचा अपमान होत नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं आणि त्याने बघितलं नाही तर आपण तोच हात डोक्यावर नेऊन केस सारखे करतो, तसंच हे. म्हणून जुन्या ओळखीतून आलेला कोरा हात हा उद्धटपणा किंवा आळस समजू नका, बहुतेक वेळा तो संकोच असतो.

आणि लटकलेला प्रश्न सापडला तर जपून, कारण तेव्हा बाकी तुमच्याकडे आहे. रविवारी दुपारी मी शेवटी वर स्क्रोल केलं तर २०२२ चा तिचा मेसेज. दाराला लावलेल्या तोरणाचा फोटो आणि खाली "घर घेतलं गं, कासारवडवलीला. ये एकदा." त्याच्याखाली माझं काही नाही. काहीच नाही. तेव्हा आमच्याकडे सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, वाचलं असणार आणि नंतर लिहू म्हणून राहून गेलं असणार, पण तिच्या बाजूने बघितलं तर तिने घर घेतलं आणि मी अभिनंदनसुद्धा केलं नाही. त्यानंतर तिचाच हात, आणि त्याला माझं उत्तर काय, तर उलटा हात. मलाच लाज वाटली.

हाताला हात कधी चालतो

रोज बोलणं होतं अशा माणसाला बिनधास्त 👋 परत करा. नवरा, बहीण, ट्रेनचा ग्रुप, शेजारीण. तिथे पुढचं वाक्य कोणीतरी म्हणणारच असतं. निरोपाच्या हातालाही हातच योग्य, तिथे मोठं लिहिलं की संपलेलं बोलणं पुन्हा उकरल्यासारखं होतं.

पण अंतर पडलेल्या माणसाला हाताला हात दिला की गाडी तिथेच अडते, कारण त्याने धाडस करून एक पाऊल टाकलं होतं आणि तुम्ही ते जसंच्या तसं परत पाठवलंत, आता पुन्हा पहिलं वाक्य त्यानेच शोधायचं. मग तो 😊 पाठवतो, तुम्ही 😄 पाठवता, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. आमचं अगदी हेच झालं.

मेसेंजरसारख्या काही अ‍ॅपवर नवीन कनेक्ट झालात की हात करायचं बटण अ‍ॅपच पुढे करतं, डिस्कॉर्डवर नवीन मेंबर आला की त्याला वेव्ह करा म्हणून सुचवतं. असा बटणाचा हात म्हणजे समोरच्याने एकदा बोट लावलं इतकंच, त्यामागे कसला विचार शोधायचा. परत एक हात करून सोडून द्या.

उत्तर लिहायचं कसं

दोन ओळी पुरतात, त्यात तीन गोष्टी बसवायच्या. पहिली, मी तुला ओळखलं. दुसरी, माझ्याकडची एक छोटी खरी गोष्ट. तिसरी, असा प्रश्न ज्याचं उत्तर पाच शब्दांत देता येईल.

ओळखलं हे नावाने किंवा आठवणीने दाखवायचं, कारण हात पाठवणाऱ्याला पहिली भीती हीच असते की माझा नंबर हिच्याकडे सेव्ह तरी आहे का. माझ्याकडची गोष्ट अशासाठी की नुसते प्रश्न विचारले तर ती चौकशी वाटते. आणि सोपा प्रश्न अशासाठी की "मग काय चाललंय आयुष्यात" याला उत्तर काय देणार माणूस, चार वर्षांचं? "अजून त्याच ऑफिसात आहेस का" याला उत्तर येतं.

मी शेवटी रविवारी साडेचारला असं लिहिलं:

"अगं आत्ता वर बघितलं, तुझा घराचा मेसेज! मी तेव्हा उत्तरच दिलं नाही, खरंच सॉरी गं, घरी आजारपण चालू होतं. तोरण मस्त होतं. अजून कासारवडवलीलाच ना?"

माफी एकाच वाक्यात संपवली ते मुद्दाम. जास्त ताणली की समोरच्याला "अगं असू दे, असू दे" करत बसावं लागतं आणि तिने जे बोलायला हात केला होता ते बाजूलाच राहतं.

काय लिहू नये तेही सांगते. "काय काम होतं?" हे तर अजिबात नको. मनात तेच असलं तरी नको, कारण काम नसेल तर तुम्ही त्या माणसाला मतलबी ठरवलंत, आणि असेल तर त्याला काम सांगायचीच लाज वाटेल. "बोल" हा एकच शब्द आपण फोनवर प्रेमाने म्हणतो, पण लिहिला की साहेबाच्या टेबलासमोर उभं केल्यासारखा वाचला जातो, निदान "बोल ना गं" करा. "?" नुसतं प्रश्नचिन्ह पाठवणारे लोक मला माहितीयेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आणि "कोण?" हे फक्त अनोळखी नंबरला, त्याचं पुढे सांगते.

मोठ्या माणसांना अहोजाहो असेल तर तसंच. जुन्या सरांचा हात आला तर "नमस्कार सर, खूप दिवसांनी! मी आता ठाण्यालाच जॉब करते, गोखले रोडला. तुम्ही अजून क्लास घेता का?" इथे उलटा 👋 पाठवू नका. त्यांनी केला तरी आपण सरांना हात हलवून दाखवत नाही.

ऑफिसच्या चॅटवर कोणी नुसता 👋 टाकून गप्प बसलं तर त्याचा अर्थ जवळपास नेहमी "आहेस का, एक काम आहे" हाच. तिथे आठवणी वगैरे काही नको, सरळ वेळ सांगा: "हो, आहे. ४ ते ५ कॉलवर असेन, काय हवंय ते इथेच टाकून ठेवा, मधे वेळ मिळाला की बघते." नाहीतर तुम्ही हात करता, तेवढ्यात तो चहाला जातो, तो परत येतो तर तुम्ही मीटिंगमध्ये, आणि दोन मिनिटांच्या कामाला सगळी दुपार जाते. बॉसचा हात असला तरी हेच उत्तर चालतं, मी वापरलंय.

रात्री साडेअकरानंतर जुन्या प्रियकराचा किंवा प्रेयसीचा हात आला तर रात्री उत्तर देऊ नका. एवढंच. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचा, तेव्हाही उत्तर द्यावंसं वाटलं तर "हाय, सगळं ठीक ना?" पुरे. नाही वाटलं तर नाही दिलं तरी चालतं, त्या हाताने तुम्हाला काही विचारलेलंच नाहीये.

पाठवल्यावर

एक मेसेज टाकला की थांबा. त्याच्यामागून "?" आणि "बिझी आहेस का" पाठवू नका, ज्याला एक शब्द लिहायला संकोच वाटला त्याला उत्तर लिहायलाही वेळ लागणार.

घाईत चुकीचं काही गेलं असेल तर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत एडिट करता येतं, मेसेज दाबून धरला की तो पर्याय येतो. पुसण्यापेक्षा ते बरं, कारण पुसलेल्या मेसेजच्या जागी "हा मेसेज डिलीट केला" असं राहतं आणि समोरचा रात्रभर विचार करत बसतो की होतं तरी काय. उलटं झालं, म्हणजे तुम्हाला हात आला आणि तुम्ही उघडेपर्यंत पुसला गेला, तर तुम्ही नोटिफिकेशनमध्ये बघितलेलं असलं तरी "तुझा हात बघितला हं मी" म्हणून पकडू नका. माझं मत असं की एक दिवस जाऊ द्यावा आणि मग आपणच साधं "कशी आहेस गं, बरेच दिवस झाले" लिहावं, त्या हाताचं नावही न काढता.

तुमच्या प्रश्नालाही परत 👋 च आला तर? तर समोरच्याला लिहायचं नाहीये, किंवा लिहिता येत नाहीये. माझ्या आत्याचं बोट थरथरतं, तिला टाईप करायला त्रास होतो, ती सगळ्यालाच हात पाठवते. अशा वेळी विचारा, "फोन करू का?" आणि करा.

अनोळखी नंबरवरून हात आला तर

इथे मात्र वरचं सगळं विसरा. इथे नियम एकच, आधी बघायचं, मग ठरवायचं, आणि ठरत नसेल तर गप्प बसायचं.

चॅट उघडली की वरती अ‍ॅपच सांगतं की हा नंबर तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नाही, आणि कॉमन ग्रुप आहे की नाही तेही दिसतं. कॉमन ग्रुप सोसायटीचा किंवा शाळेच्या पालकांचा असेल तर बहुतेक खरंच ओळखीचं कोणीतरी आहे, तिथे "नमस्कार, आपण कोण?" एवढं विचारायला हरकत नाही. नाव सांगितलं तर पुढे बोला. नंबर +91 ने सुरू होत नसेल, कॉमन ग्रुप काही नसेल आणि परदेशात तुमचं कोणी नसेल, तर उत्तरच देऊ नका. +91 असला म्हणजे मात्र सुरक्षित असंही नाही. डीपीमधला फोटो आणि कॉलर अ‍ॅपवर दिसणारं नाव हा पुरावा धरू नका, फोटो कोणाचाही लावता येतो आणि तिथली नावं लोकांनीच सेव्ह केलेली असतात.

हात पाठवणाऱ्याला खर्च काहीच नाही, शेकडो नंबरना एकच हात पाठवता येतो. तुम्ही परत हात केलात की त्याला कळतं हा नंबर चालू आहे आणि इथे माणूस उत्तर देतो. मग "सॉरी, राँग नंबर, पण तुम्ही चांगल्या वाटता" असं काहीतरी, मग चार-आठ दिवस नुसत्या गोड गप्पा, जेवलात का, मुलं कशी आहेत, पैशाचं नावही नाही, आणि मग हळूच शेअर ट्रेडिंगचं कुठलंतरी अ‍ॅप, ज्यात सुरुवातीला थोडा फायदा दिसतो, काढताही येतो. मोठी रक्कम टाकली की ती काढता येत नाही. आपल्या भाषेत हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, अगदी शब्दशः. ब्लॉक आणि रिपोर्ट दोन्ही करा, नुसतं ब्लॉक केलं की तो दुसऱ्याला हात करायला मोकळा. आणि कोणाचे पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची, जितकं लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.

ओळखीच्या नावावरून आलेल्या हातातही एक जागा आहे जिथे थबकायचं. हात आला, तुम्ही प्रेमाने उत्तर दिलंत, आणि दुसऱ्याच मेसेजला "तुझ्या मोबाईलवर सहा आकडी कोड चुकून आलाय तो पाठव ना" किंवा "अर्जंट वीस हजार टाकतेस का". म्हणजे तिचं अकाउंट दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं असू शकतं. चॅटवर खात्री करू नका, साधा फोन लावा आणि आवाज ऐका. तो कोड आपल्याच व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली असतो, तो सख्ख्या भावालाही द्यायचा नाही.

खरं सांगायचं तर माझ्या कलीगचा हात आला तेव्हा हीही शंका माझ्या मनात येऊन गेली होती. म्हणून मी प्रश्नात कासारवडवली घातलं. असं काहीतरी घालायचं जे फक्त तुम्हा दोघींना माहीत आहे, तिने उत्तर सहज दिलं तर बहुतेक तीच. पूर्ण खात्री नाही होत याने, जुने चॅट वाचूनही कोणी उत्तर देऊ शकतं, पण मनाला अंदाज येतो, आणि समोरच्याला आपण तपासतोय असंही वाटत नाही.

तर तिचं काय निघालं

पाच वाजता उत्तर आलं. मी धरून चालले होते की ती घराच्या मेसेजवरून रुसली असेल आणि आता हळूच आठवण करून देत असेल. तर तिला तो मेसेज आठवतसुद्धा नव्हता, "कुठलं तोरण गं?" म्हणाली. मग व्हॉइस नोट आली, दीड मिनिटाची, मागे कुकरची शिट्टी.

झालं असं होतं की शुक्रवारी संध्याकाळी ती ऐरोलीहून येऊन ठाण्याला उतरली आणि पुलावर चढत होती, आणि खाली दहा नंबरवर मी पनवेल गाडीत चढायला उभी. तिने वरून हात केला. मी बघितलं नाही. तिने अजून जोरात केला, हाकही मारली, शेजारच्या दोन बायकांनी वर बघितलं, मी नाही. गाडी आली, मी चढले. घरी जाऊन जेवणं उरकल्यावर तिने तोच हात व्हॉट्सअ‍ॅपवर केला. तिच्या डोक्यात तो हाय पण नव्हता आणि बाय पण नव्हता, "अगं मी तुला हात केला होता" हे अख्खं वाक्य होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उलटा हात केला तेव्हा तिला वाटलं की मी तिला पुलावर बघितलं होतं आणि आता हात करतेय, म्हणून तिने 😊 पाठवून विषय मिटवला!

हे मी कितीही स्क्रोल केलं असतं तरी मला सापडलं नसतं. चॅटमध्ये नव्हतंच ते. माझा अंदाज पार चुकला, पण प्रश्न विचारला होता म्हणून ती बोलली.

मी लिहिलं, "अगं मी चष्मा पर्समध्ये ठेवते गाडीत चढताना, गर्दीत तुटतो म्हणून." ती म्हणाली, "म्हणजे तू रोज आंधळी चढतेस?" आता पुढच्या शुक्रवारी साडेसहाला तिकीट खिडकीपाशी भेटायचं ठरलंय, तिथून तलावपाळीला पाणीपुरी, आणि माझ्यासाठी अट एकच घातलीये की चष्मा घालून यायचं.